घरच्या कॅमेऱ्याचे खोटे अलर्ट कसे कमी करावेत? झोन, सेन्सिटिव्हिटी आणि त्यांचा योग्य क्रम

घराबाहेर लावलेला वायफाय कॅमेरा हालचाल दिसली की मोबाइलवर सूचना पाठवतो. पहिले दोन-चार दिवस प्रत्येक सूचना उघडून पाहिली जाते. पुढे रस्त्यावरची रिक्षा, हलणारी फांदी, मांजर आणि दिव्याभोवतीचे किडे यांच्याच सूचना दिवसभर येत राहतात, आणि महिनाभरात घरातले सगळे त्या सूचनांचा आवाज बंद करून टाकतात. कॅमेरा सुरूच असतो, रेकॉर्डिंगही होत असते. पण रात्री अडीच वाजता कोणी फाटकावरून उडी मारली तर ते सकाळीच कळते. म्हणजे खोट्या अलर्टचा खरा तोटा त्रास हा नसून, खरा अलर्ट त्यांच्यात बुडून जातो हा आहे.

यावर बहुतेक जण पहिला उपाय करतात तो सेन्सिटिव्हिटी कमी करण्याचा. नेमका तोच उपाय शेवटी करायचा असतो. असे का, हे समजण्यासाठी कॅमेरा हालचाल कशी ओळखतो ते आधी पाहावे लागेल.

कॅमेऱ्याला हालचाल कशी कळते?

विजेवर चालणारे बहुतेक कॅमेरे एकामागून एक येणाऱ्या चित्रांची तुलना करतात. चित्र लहान लहान ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचे बनलेले असते. मागच्या चित्रात एखादा ठिपका जितका उजळ होता त्यापेक्षा आता तो बराच वेगळा असेल, आणि असे पुरेसे ठिपके एकाच वेळी बदलले असतील, तर कॅमेरा त्याला हालचाल समजतो. माणूस, कुत्रा, सावली असे काही त्याला या टप्प्यावर कळत नाही. त्याला फक्त उजेडातला फरक कळतो. ढग बाजूला होऊन अंगणात अचानक ऊन पडले, किंवा वळणावरच्या गाडीचा हेडलाइट भिंतीवरून सरकला, तरी तो त्याच्या लेखी बदलच असतो.

संध्याकाळी होणारा एक खोटा अलर्टही यातूनच येतो. अंधार पडू लागला की कॅमेरा रंगीत चित्रावरून काळ्या-पांढऱ्या रात्रीच्या चित्रावर जातो. त्या वेळी आतली एक छोटी काच सरकल्याचा ‘टक’ असा आवाजही काही वेळा ऐकू येतो. एका क्षणात सगळेच चित्र बदलल्यामुळे काही कॅमेरे तेव्हा अलर्ट देतात. रोज साधारण त्याच वेळी येणारा, क्लिपमध्ये काहीच न दिसणारा अलर्ट असेल तर कारण बहुधा हेच असते.

बॅटरीवर चालणारे कॅमेरे मात्र वेगळ्या पद्धतीने काम करतात. सतत चित्रे तपासत बसले तर बॅटरी लवकर संपेल, म्हणून त्यांत उष्णता ओळखणारा पीआयआर सेन्सर असतो. समोरून उबदार शरीर सरकले की कॅमेरा जागा होतो. झाडाच्या सावलीने किंवा हेडलाइटच्या उजेडाने तो सहसा फसत नाही. पण त्याच्या दोन मर्यादा आहेत. माणूस सेन्सरसमोरून आडवा गेला तर तो चटकन ओळखतो. सरळ त्याच्या दिशेने चालत आला तर उशिरा ओळखतो. शिवाय भोवतालचे तापमान शरीराच्या तापमानाच्या जवळ गेले की फरक कमी होतो आणि पकड सैल पडते. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी असा कॅमेरा हिवाळ्यातल्यासारखे काम करेल, ही अपेक्षा धरता येत नाही. असा कॅमेरा खिडकीच्या काचेमागे ठेवला तर सेन्सर जवळजवळ निकामी होतो, कारण ही उष्णता साध्या काचेतून पलीकडे पोहोचत नाही.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे नेमके काय?

अॅपमध्ये `Sensitivity` नावाची एकच पट्टी असते, पण तिचा अर्थ प्रत्येक ठिकाणी सारखा नसतो. चित्रांची तुलना करणाऱ्या कॅमेऱ्यात ती किती मोठा बदल मोजायचा हे ठरवते. पीआयआर कॅमेऱ्यात ती ढोबळमानाने किती अंतरापर्यंत पकडायचे हे ठरवते. आणि माणूस ओळखणाऱ्या कॅमेऱ्यात, ‘हा माणूसच आहे’ याची किती खात्री झाल्यावर सूचना पाठवायची, हे ठरवते.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट मात्र समान आहे. ही पट्टी सगळ्या चित्राला सारखीच लागू होते. कॅमेऱ्याजवळ हलणारी फांदी चित्रात मोठी दिसते आणि वीस-पंचवीस फुटांवर फाटकाशी उभा असलेला माणूस लहान दिसतो. फांदी गप्प होईपर्यंत सेन्सिटिव्हिटी उतरवली, तर फाटकापाशी असलेला माणूस त्याआधीच गप्प झालेला असतो. म्हणून ही पट्टी हा सुरुवातीचा उपाय ठरत नाही.

आधी एक दिवस मोजणी

कोणतेही सेटिंग बदलण्याआधी चोवीस तासांतले सगळे अलर्ट उघडून, प्रत्येकाचे कारण कागदावर लिहून काढावे. वेळही लिहावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण कोणता उपाय कशावर चालेल हे यातूनच कळते.

एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिकमधल्या एका रो-हाउसच्या पोर्चमध्ये, जमिनीपासून साधारण नऊ फुटांवर कॅमेरा लावलेला आहे. समोर पार्किंगची फरशी, तिच्या टोकाला फाटक, फाटकापलीकडे गल्लीचा रस्ता, आणि कुंपणाच्या डाव्या कोपऱ्यात बदामाचे झाड. पार्किंगमध्ये कव्हर घातलेली स्कूटर उभी असते. एका दिवसात ६० अलर्ट आले. त्यांची वाटणी अशी निघाली:

- रस्त्यावरची वाहने आणि येणारे-जाणारे: २६
- झाडाच्या फांद्या आणि त्यांची सावली: १३
- रात्री कॅमेऱ्यासमोरचे किडे: ९
- हेडलाइटचा फरशीवर पडलेला उजेड: ४
- वाऱ्याने फुगणारे स्कूटरचे कव्हर: २
- मांजर: १
- फाटकातून खरोखर आत आलेली माणसे: ५

साठांपैकी कामाचे अलर्ट पाच. ही वाटणी हातात आली की पुढची पायरी आपोआप ठरते.

पहिली पायरी: झोन

सर्वांत मोठा वाटा रस्त्याचा आहे आणि तो झोनने जातो. अॅपमध्ये याला `Activity Zone` किंवा `Detection Zone` म्हणतात. चित्राच्या ज्या भागात हालचाल झाली तरच सूचना हवी आहे, तेवढा भाग बोटाने आखून द्यायचा असतो. काही अॅपमध्ये चौकोनांची जाळी येते आणि हवे ते चौकोन निवडायचे असतात. काहींत कोपरे ओढून बहुकोन तयार करता येतो. झोन आखताना एक गोष्ट नीट पाहावी: आखलेला भाग ‘लक्ष ठेवण्याचा’ आहे की ‘दुर्लक्ष करण्याचा’. दोन्ही प्रकारची अॅप आहेत, आणि उलटा समज झाला तर फक्त रस्त्याचेच अलर्ट येत राहतात.

झोन आखताना सगळ्यांत जास्त चूक होते ती उंचीची. झोन जमिनीवर आखला जात नाही, तो चित्रावर आखला जातो. चित्र सपाट असते. फाटकाच्या गजांमधून दिसणारा रस्ता चित्रात फाटकाच्याच जागी असतो. त्यामुळे संपूर्ण फाटक झोनमध्ये घेतले की त्यामागून जाणारी प्रत्येक रिक्षाही झोनमध्ये येते. त्याऐवजी माणूस आत आल्यावर त्याचे पाय जिथे पडतील ती जागा धरावी. नाशिकच्या उदाहरणात झोनची वरची कड फाटकाच्या तळाशी, म्हणजे फाटक आणि फरशी जिथे मिळतात त्या रेषेच्या किंचित खाली ठेवली. आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ती फरशी ओलांडावीच लागते, आणि रस्त्यावरच्या गाडीची चाके तिथे कधीच येत नाहीत.

झाडाचा कोपराही झोनबाहेर ठेवला. तरी झाडाचा प्रश्न पूर्ण सुटला नाही. १३ पैकी ५ अलर्ट फांद्यांचे होते, ते गेले. उरलेले ८ सावलीचे होते आणि सावली फरशीवरच, म्हणजे झोनच्या आत पडत होती. म्हणजे झोनने २६ आणि ५ मिळून ३१ अलर्ट कमी झाले. ६० वरून २९.

इथे दोन मर्यादा लक्षात ठेवायला हव्यात. कॅमेरा फक्त हालचाल झाल्यावरच रेकॉर्ड करत असेल, तर बऱ्याच कॅमेऱ्यांत झोनबाहेरचा भाग रेकॉर्डिंगही सुरू करत नाही. रस्त्यावर उभ्या केलेल्या गाडीला कोणी धडक दिली तर ती क्लिप मिळणार नाही. मेमरी कार्डवर सलग रेकॉर्डिंग चालू ठेवले तर हा प्रश्न उरत नाही. सूचना मोजक्या येतात आणि चित्रण मात्र सगळे राहते. दुसरी गोष्ट अशी की फिरणाऱ्या कॅमेऱ्यात झोन चित्राला चिकटलेला असतो, जागेला नाही. कॅमेरा अॅपमधून थोडा वळवला किंवा तो हलत्या वस्तूचा पाठलाग करत फिरला, तर काल फरशीवर असलेला झोन आज झाडावर जातो.

शेजाऱ्याचे दार चित्रात येत असेल तर झोन हे त्यावरचे उत्तर नव्हे. झोनबाहेरचा भागही कॅमेरा पाहतो आणि साठवतो. तो भाग चित्रातूनच काळा करण्यासाठी `Privacy Mask` किंवा `Privacy Zone` असे वेगळे सेटिंग असते.

दुसरी पायरी: रात्रीचा उजेड

किड्यांचे अलर्ट झोनने जात नाहीत, कारण किडा कॅमेऱ्याच्या अगदी काचेजवळ असतो आणि चित्रात कुठेही दिसू शकतो. अंधारात कॅमेरा स्वतःचे अवरक्त दिवे लावतो. हा उजेड डोळ्यांना दिसत नाही किंवा जेमतेम लालसर दिसतो, पण कॅमेऱ्याला तो लख्ख दिसतो. काचेपासून वीतभर अंतरावरचा डास त्या उजेडात मोठा पांढरा गोळा होऊन झपकन जातो. पावसाचे थेंब पांढऱ्या रेघांसारखे दिसतात. कोळ्याने काचेसमोर जाळे विणले तर ते वाऱ्याने रात्रभर हलत राहते. दिवसा एकही खोटा अलर्ट नाही आणि अंधार पडल्यापासून रांग लागते, क्लिपमध्ये धूसर पांढरा पट्टा दिसतो, अशी लक्षणे असतील तर आधी काच पाहावी. कोरड्या मऊ फडक्याने जाळे पुसून काढले की पुष्कळदा काम होते.

त्यानंतरचा उपाय म्हणजे उजेडाची जागा बदलणे. कॅमेऱ्यापासून पाच-सहा फूट दूर पिवळसर प्रकाशाचा एक छोटा एलईडी दिवा रात्रभर चालू ठेवला आणि अॅपमध्ये रात्रीचा मोड `Auto` वर राहू दिला, तर पुरेसा उजेड असल्यामुळे कॅमेरा आपले अवरक्त दिवे लावत नाही. किडे दिव्याकडे जातात, काचेसमोरची गर्दी कमी होते. पांढऱ्या-निळसर दिव्यापेक्षा पिवळसर दिव्याकडे किडे कमी येतात. मोड `Auto` वर ठेवण्याचे कारण असे की वीज गेली आणि कॅमेरा इन्व्हर्टरवर असला, तर पोर्चचा दिवा विझल्यावर अवरक्त दिवे आपोआप लागतात. ते कायमचे बंद केले असतील तर नेमक्या त्याच वेळी कॅमेरा आंधळा होतो.

उदाहरणात हा दिवा लावल्यावर किड्यांचे ९ अलर्ट २ वर आले. एकूण २९ वरून २२.

तिसरी पायरी: फक्त माणूस

आता बऱ्याच कॅमेऱ्यांत `Person Detection` किंवा `Human Detection` हे सेटिंग असते. हालचाल दिसल्यावर ती आकृती माणसाची आहे का, हे कॅमेरा किंवा कंपनीचा सर्व्हर तपासतो आणि माणूस असेल तरच सूचना पाठवतो. काही कॅमेऱ्यांत ते फुकट असते, काहींत त्यासाठी मासिक वर्गणी भरावी लागते. विकत घेण्यापूर्वी हे विचारून घ्यावे.

हे सेटिंग सुरू केल्यावर साधे `Motion Detection` चे नोटिफिकेशन वेगळे बंद करावे लागते, नाहीतर दोन्ही सूचना येत राहतात. तसेच काही अॅपमध्ये साध्या हालचालीसाठी आखलेला झोन माणूस ओळखण्याला आपोआप लागू होत नाही. तिथे तो पुन्हा आखावा लागतो. झोन आखूनही रस्त्यावरच्या माणसांचे अलर्ट येत असतील तर आधी हे तपासावे.

नाशिकच्या घरात या पायरीने सावलीचे ८, हेडलाइटचे ४, किड्यांचे उरलेले २ आणि मांजराचा १ असे १५ अलर्ट गेले. उरले ७. त्यांतले ५ खऱ्या माणसांचे आणि २ स्कूटरच्या कव्हरचे. रात्री फुगलेले कव्हर कॅमेऱ्याला वाकून बसलेल्या माणसासारखे वाटत होते. यावर कोणतेही सेटिंग शोधत बसण्याची गरज नसते. कव्हर दोरीने खाली आवळून बांधले आणि ते दोनही अलर्ट थांबले.

चौथी पायरी: चालून पाहणे, मग सेन्सिटिव्हिटी

खोटे अलर्ट गेले एवढ्यावर थांबता येत नाही, कारण बिघडलेला कॅमेराही खोटे अलर्ट देत नाही. खरा माणूस सुटत नाही ना, हे पाहावे लागते. त्यासाठी घरातल्या एकाने फाटकातून दारापर्यंत चालत यावे आणि दुसऱ्याने मोबाइल हातात धरून वेळ पाहावी. ही चाचणी दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा करावी. प्रत्येक वेळी नेहमीच्या चालीने एकदा, भिंतीला धरून हळू एकदा, वाकून एकदा आणि छत्री किंवा रेनकोट घेऊन एकदा. दोन फेऱ्यांमध्ये पाचेक मिनिटे जाऊ द्यावीत, कारण पुष्कळ कॅमेरे एक सूचना पाठवल्यावर काही काळ दुसरी पाठवत नाहीत. या विरामाची लांबीही अॅपमध्ये बदलता येते. तो फार मोठा ठेवला तर पार्सलवाला गेल्यावर लगेच आत शिरणाऱ्या दुसऱ्या माणसाची सूचना येत नाही.

उदाहरणातल्या घरी दिवसा सगळ्या फेऱ्या पकडल्या गेल्या. रात्री मात्र रेनकोट घालून भिंतीच्या कडेने आलेला माणूस पायरीपर्यंत पोहोचला तरी सूचना आली नाही. डोक्यावर टोपी, अंगावर घोळदार रेनकोट, त्यामुळे आकृती माणसाची आहे याची कॅमेऱ्याला पुरेशी खात्री वाटली नाही. तेव्हा सेन्सिटिव्हिटी एक टप्पा वाढवली. पुन्हा चाचणी केली, तर माणूस फरशीच्या मध्यावर असतानाच सूचना आली. आधीच्या तीन पायऱ्यांनी रस्ता, किडे आणि सावल्या बाजूला झालेल्या असल्यामुळे ही वाढ परवडली. सुरुवातीलाच सेन्सिटिव्हिटी उतरवली असती तर हाच माणूस सर्वांत आधी सुटला असता.

चाचणीत रेकॉर्डिंग झाले पण सूचना उशिरा आली किंवा आलीच नाही, तर दोष कॅमेऱ्याचा नसून मोबाइलचा असू शकतो. अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अॅप थांबवतात. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या अॅपला या बंधनातून वगळावे लागते. घरचे इंटरनेट बंद असेल तर सूचना जाणारच नाही, मग सेटिंग कितीही नेमके असो.

पुन्हा कधी पाहावे?

एकदा केलेली मांडणी वर्षभर तशीच टिकत नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावल्या लांब पडतात. मे महिन्यात दुपारची सावली झाडाच्या बुंध्याजवळ आखडते. पावसाळ्यानंतर वेल आणि फांद्या वाढून झोनमध्ये शिरतात. वादळी वाऱ्याने किंवा भिंतीच्या रंगकामात कॅमेऱ्याचे तोंड थोडे वळले तरी झोन सरकतो. म्हणून पावसाळा सुरू होण्याआधी, पावसाळा संपल्यावर आणि कॅमेऱ्याला हात लागेल त्या प्रत्येक वेळी झोन उघडून पाहावा आणि एक फेरी चालून घ्यावी.

एखाद्या आठवड्यात अलर्ट अचानक वाढले तर कारण क्लिपमध्येच दिसते. ते अचानक पूर्ण थांबले तर मात्र जास्त लक्ष द्यावे. आदल्या दिवशी घरात दूधवाला, कामवाल्या ताई आणि शाळेतून येणारी मुले सगळी आली-गेली असतील आणि तरी एकही सूचना आली नसेल, तर कॅमेरा शांत नसून बंद पडलेला असण्याची शक्यता अधिक.